मारेकरी पेशी थांबत नाही तेव्हा

प्रतिकारशक्ती कमी पडली की संसर्ग होतात, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. त्यामुळे परफोरिन नावाचं प्रथिन ज्या बाळाच्या शरीरात जन्मापासूनच नाही, त्याचं पुढे काय होत असेल याचा अंदाज आपण चटकन बांधतो. विषाणू शिरलेल्या पेशी मारायचं ते हत्यार. हत्यारच नाही म्हटल्यावर विषाणू माजणार आणि बाळ संसर्गाने जाणार. घडतं मात्र वेगळंच. विषाणू साधासुधाच असतो, कधीकधी तर शोधूनही सापडत नाही. बाळाचा जीव घेते ती त्याची स्वतःची प्रतिकारशक्ती. ताप उतरत नाही, पाणथरी फुगते, रक्तातल्या तिन्ही प्रकारच्या पेशी भराभर कमी होतात, आणि उपचार मिळाले नाहीत तर बहुतेक बाळं एक-दोन महिन्यांत दगावतात.

या आजाराचं नाव हिमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिस. वॉर्डात सगळे एचएलएच म्हणतात, आपणही तेच म्हणू. १९५२ साली फार्कर आणि क्लेरो या दोन डॉक्टरांनी एकाच घरातल्या दोन भावंडांमध्ये त्याचं वर्णन केलं. त्यांच्या अवयवांत भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, गर्दी करून होत्या आणि त्यांच्या पोटात चक्क रक्तपेशी होत्या. एरवी या पेशी जंतू, मेलेल्या पेशी आणि म्हाताऱ्या झालेल्या लाल पेशी गिळतात. इथे त्या धडधाकट पेशी गिळत होत्या. साहजिकच पुढची कित्येक वर्षं संशयाची सुई भक्षक पेशींवरच होती. वर्गीकरणातही हा आजार त्यांच्याच खात्यात टाकलेला होता.

मग १९९९ साली अशा काही कुटुंबांत बिघडलेलं जनुक सापडलं, आणि ते निघालं परफोरिनचं. परफोरिन भक्षक पेशींच्या कामाचं नाही. ते बनवतात मारेकरी टी-पेशी आणि त्यांच्या चुलत घराण्यातल्या एनके पेशी. थोडक्यात, धुमाकूळ घालणारी पेशी एक आणि दोष दुसरीत. या दोघींमधला दुवा काय, हे समजलं की एचएलएच समजला.

आधी मारेकरी पेशीचं रोजचं काम पाहू. विषाणू शिरलेली पेशी त्याच्या प्रथिनांचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर आणून ठेवते. मारेकरी टी-पेशी ते चाचपते, ओळख पटली की घट्ट चिकटते, आणि दोघींच्या मध्ये एक बंदिस्त फट तयार होते. मारेकरी पेशीच्या पोटात बारीक पिशव्या असतात. त्या आतल्या सूक्ष्म नळ्यांच्या रुळांवरून त्या फटीकडे सरकतात, आतल्या पडद्याला टेकतात, सज्ज होतात आणि पडद्यात मिसळून आतला ऐवज फटीत रिकामा करतात. टेकणं, सज्ज होणं आणि मिसळणं या प्रत्येक टप्प्याला वेगळी प्रथिनं लागतात, हे पुढे कामाला येणार आहे.

पिशवीत मुख्यतः दोन गोष्टी असतात. परफोरिन आणि ग्रॅन्झाइम. पिशवीच्या आत आम्लता असते, तिथे परफोरिन निपचित पडून असतं. म्हणून तर मारेकरी पेशी स्वतःच भोसकली जात नाही. बाहेरच्या फटीत आम्लता नसते आणि कॅल्शियम भरपूर असतं. तिथे पोचताच परफोरिनचे वीसेक रेणू समोरच्या पेशीच्या पडद्यावर गोलाकार उभे राहतात आणि पडद्याला आरपार भोक पाडतात. त्या वाटेने ग्रॅन्झाइम आत शिरतं आणि पेशीच्या पोटात आधीपासूनच असलेली आत्मनाशाची यंत्रणा चालू करून देतं. पेशी फुटत नाही, शिस्तीत आवरून मरते. मारेकरी पेशी सुटते आणि पुढच्या सावजाकडे जाते.

इथवरचं कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळेल. एचएलएचने शिकवलेली गोष्ट वेगळी आहे: या मारण्याला दुहेरी काम आहे. एक, विषाणूचा कारखाना बंद पाडणं. दुसरं, स्वतः मारेकरी पेशीला थांबवणं.

सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीला फ्लोट असतो. पाणी वर आलं की तो उचलला जातो आणि खालची मोटार बंद पडते. फ्लोट अडकला तर मोटारीत काहीही दोष नसताना टाकी वाहते आणि जिन्यावरून पाणी खाली येतं. मारेकरी पेशीच्या बाबतीत समोरच्या पेशीचा मृत्यू हाच फ्लोट आहे. टी-पेशी समोरच्या पेशीला चिकटलेली असते तेव्हा नुसतं हत्यार चालवत नाही. ती इंटरफेरॉन गॅमासारखी रासायनिक संदेश देणारी द्रव्यंही सोडत राहते. ती चिकटलेली आहे तोवर संदेश चालू. सावज मेलं की ती सुटते आणि संदेश थांबतात. सावज मेलंच नाही तर?

मेलबर्नच्या पीटर मॅक्कलम कर्करोग केंद्रातल्या संशोधकांनी २०१५ साली हेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. परफोरिन किंवा ग्रॅन्झाइम नसलेल्या मारेकरी पेशी त्यांनी सावजासमोर सोडल्या. त्या चिकटल्या, पण मारू शकल्या नाहीत, आणि नेहमीपेक्षा सुमारे पाचपट वेळ तशाच चिकटून राहिल्या. तेवढा वेळ आतले संदेश चालूच राहिले आणि त्या द्रव्यांचा लोंढा बाहेर पडत राहिला. सुटण्याचा इशारा कुठून येतो, हेही त्यांनी शोधलं. तो मारेकरी पेशीच्या आतून येतच नाही. मरणाऱ्या पेशीत आत्मनाशाची यंत्रणा चालू झाली की तिच्याकडून येतो. म्हणजे काम संपल्याचं मारेकरी पेशीला सावजाकडूनच कळतं. मला वाटतं, या आजाराबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी.

याच्या जोडीला दुसरा एक फासा असतो. टी-पेशींना विषाणूची ओळख करून देणाऱ्या खास पेशी असतात, डेंड्रायटिक पेशी. लढाई पुरेशी झाली की मारेकरी टी-पेशी त्यांतल्याही काही पेशी मारतात, त्यामुळे नव्या टी-पेशींना चिथावणी मिळणं कमी होत जातं. परफोरिन नसेल तर या पेशीही जिवंत राहतात, चिथावणी चालू राहते आणि टी-पेशींची संख्या वाढतच जाते. एकेक पेशी पाचपट वेळ संदेश सोडते आणि अशा पेशीही वाढत जातात, म्हणून हा गुणाकार फार लवकर हाताबाहेर जातो.

आता भक्षक पेशी. इंटरफेरॉन गॅमा हा त्यांच्यासाठी ‘उठा’ असा हुकूम आहे. क्षयरोगाच्या जंतूसारखे जे जीव भक्षक पेशीच्या पोटातच बिऱ्हाड करतात, त्यांना मारायचं तर हा हुकूम लागतोच. पण तो काही दिवसांपुरता असतो. इथे तो थांबतच नाही. भक्षक पेशी कमालीच्या चिडतात, स्वतःही ताप आणणारी द्रव्यं सोडतात, आणि त्यांनी सोडलेली इंटरल्युकिन १२ आणि १८ ही द्रव्यं उलट टी-पेशींनाच आणखी चेतवतात. चक्र पूर्ण झालं.

हे सगळं तर्काने जुळवलेलं आहे असं वाटू नये म्हणून उंदरांवरचा एक प्रयोग सांगतो. मायकेल जॉर्डन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली तो प्रसिद्ध केला. परफोरिन नसलेले उंदीर पिंजऱ्यात नुसते ठेवले तर ठीक असतात. त्यांना एका विशिष्ट विषाणूची लागण केली की मात्र हुबेहूब एचएलएच होतो आणि ते मरतात. जॉर्डन यांनी काही उंदरांमधल्या मारेकरी टी-पेशीच काढून टाकल्या. ते उंदीर वाचले. विषाणूशी लढणाऱ्या पेशी काढल्यावर जगले, हे लक्षात घ्या. मग त्यांनी टी-पेशी तशाच ठेवून एकेक संदेशद्रव्य अडवून पाहिलं. बाकीची अडवून फारसा उपयोग झाला नाही. इंटरफेरॉन गॅमा अडवल्यावर मात्र उंदीर जगले. विषाणू अंगात असूनही जगले. मारत होता तो विषाणू नव्हता.

आता एका बाळाचे रिपोर्ट वाचू. हे बाळ मी समजावण्यासाठी रचलेलं आहे. आकडे मात्र अशा बाळांच्या कागदांवर येतात तसेच आहेत. वय चार महिने, वजन सहा किलो. आईवडील मामे-आते भावंडं. आपल्याकडे अनेक समाजांत मामाची मुलगी करायची रीत आहे. एकाच आजोबांकडून आलेली बिघडलेल्या जनुकाची प्रत दोन्ही बाजूंनी बाळापर्यंत पोचण्याचा संभव अशा घरात वाढतो, आणि हा आजार व्हायला दोन्ही प्रती बिघडलेल्या असाव्या लागतात. आधीचं एक मूल ‘तापाने’ गेलेलं. हा प्रश्न विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, आणि विचारायला विसरणारे डॉक्टर कमी नाहीत.

दहा दिवस ताप, दोन अँटिबायोटिकं झाली, रक्ताच्या कल्चरमध्ये काही उगवलं नाही. पाणथरी बरगडीच्या खाली चार बोटं. हिमोग्लोबिन ६.८, प्लेटलेट ३२,०००, न्यूट्रोफिल ६००. तिन्ही पेशी एकदम खाली म्हटल्यावर पहिला विचार रक्ताच्या कर्करोगाचा येतो आणि तो यायलाच हवा. पण पुढचे कागद पाहा. ट्रायग्लिसराइड ४१०. फायब्रिनोजेन ८५. फेरिटिन १२,४००.

चार महिन्यांच्या, फक्त आईचं दूध पिणाऱ्या बाळाच्या रक्तात एवढी चरबी कशी? रक्तातली चरबी फोडून ऊतींना देणारं एक वितंचक असतं. चिडलेल्या भक्षक पेशींनी सोडलेला टीएनएफ ते दाबून टाकतो आणि चरबी रक्तातच साचते. फायब्रिनोजेन हा रक्त गोठवणाऱ्या जाळ्याचा कच्चा माल. भक्षक पेशी प्लाझ्मिन नावाचं वितंचक जागं करणारं द्रव्य सोडतात, आणि प्लाझ्मिन जाळं आणि कच्चा माल दोन्ही फस्त करतं. फेरिटिन हे लोह साठवणारं प्रथिन. भक्षक पेशी लाल पेशींच्या पोटातलं लोह हाताळतात, त्यामुळे त्यांच्याकडे ते मुबलक असतं, आणि त्या चेतल्या की रक्तात ओसंडतं. तापाने फणफणलेल्या कोणत्याही रुग्णात फेरिटिन थोडं चढतं. पण लहान मुलांत ते १०,०००च्या वर गेलं तर एचएलएचखेरीज फार थोडी कारणं उरतात. तिन्ही पेशी कमी का, याला दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही खरी आहेत: भक्षक पेशी त्या गिळतात, आणि टीएनएफ व इंटरफेरॉन गॅमा बोनमॅरोतला कारखानाच मंद करतात.

आता सगळ्यांत फसवा कागद. ईएसआर ६. आपल्याकडे पेशंटचे नातेवाईकही ईएसआर वाचतात. वाढला तर आत काहीतरी चाललंय, उतरला तर बरं वाटतंय. याच बाळाचा आठवड्यापूर्वीचा ईएसआर ५८ होता. वरवर पाहता सुधारणा. पण सीआरपी अजूनही चढलेलाच आहे आणि ताप १०३. उलगडा फायब्रिनोजेनमध्ये आहे. ईएसआर म्हणजे उभ्या नळीत लाल पेशी तासाभरात किती खाली बसतात याचं माप. त्या लवकर बसतात कारण फायब्रिनोजेनमुळे एकमेकींना चिकटून त्यांच्या चळती होतात. फायब्रिनोजेनच संपलं की चळती होत नाहीत आणि ईएसआर उतरतो. दाह कमी झालेला नसतो. ताप, चढलेला सीआरपी आणि उतरलेला ईएसआर हे तीन एका कागदावर दिसले की अनुभवी बालरोगतज्ज्ञ फेरिटिन मागवतात. संधिवाताच्या एका प्रकारात, लहान मुलांच्या सिस्टेमिक आर्थ्रायटिसमध्ये, याच आजाराचा चुलतभाऊ होतो, तिथेही हीच खूण धावून येते.

निदानाचे नियम २००४ साली आंतरराष्ट्रीय हिस्टिओसाइट सोसायटीने ठरवले. आठ खुणांपैकी पाच जुळल्या तर एचएलएच धरायचा. ताप, पाणथरी, पेशी कमी, चरबी-फायब्रिनोजेन, ५००च्या वरचं फेरिटिन, सीडी२५ नावाच्या रेणूची रक्तातली पातळी, एनके पेशींचं घटलेलं काम, आणि बोनमॅरोत रक्तपेशी गिळणाऱ्या भक्षक पेशी. आपल्या बाळाच्या पाच खुणा बोनमॅरोला हात न लावताच पुऱ्या झाल्या. बोनमॅरो तरी करायचाच, पण तो मुख्यतः ल्युकेमिया नाही ना हे पाहण्यासाठी. गिळणाऱ्या पेशी पहिल्या नमुन्यात दिसल्या नाहीत म्हणून निदान सोडून देणं ही जुनी आणि महागात पडणारी चूक आहे. सुरुवातीला त्या पुष्कळदा नसतात. उलट, जंतुदोष झालेल्या किंवा नुकतंच रक्त चढवलेल्या माणसाच्या मॅरोत त्या एचएलएच नसतानाही सापडतात. एनके पेशींच्या कामाची चाचणी मोजक्या प्रयोगशाळांत होते. २०२४च्या सुधारित नियमांत ती वगळली आणि सातांपैकी पाच असं ठेवलं. बरं झालं.

हा आजार जन्मजात आहे का, हे ठरवायला जनुकांचा रिपोर्ट येईपर्यंत थांबावं लागत नाही. फ्लो सायटोमेट्रीच्या दोन चाचण्या एक-दोन दिवसांत बरंच सांगून जातात, आणि मघाशी पाहिलेली पिशवीची वाट इथे उपयोगी पडते. पहिल्या चाचणीत एनके पेशींच्या आत परफोरिनला चिकटणारं चमकतं द्रव्य सोडतात. पेशी उजळली तर परफोरिन आहे, काळी राहिली तर नाही. दुसऱ्या चाचणीत सीडी१०७ए पाहतात. हा रेणू पिशवीच्या आतल्या अस्तरात असतो. पिशवी पडद्यात मिसळली की अस्तर उलटून बाहेर येतं आणि तो पेशीच्या पृष्ठभागावर दिसू लागतो. पेशीला डिवचूनही तो दिसला नाही तर समजायचं की पिशवी वाटेत अडकली.

मग जुळवाजुळव सोपी होते. परफोरिन नाही पण सीडी१०७ए व्यवस्थित वर येतो: पिशवी येते, रिकामी होते, आत हत्यारच नसतं. परफोरिन भरपूर पण सीडी१०७ए वर येत नाही: हत्यार तयार आहे, पिशवीच पोचत नाही. पिशवी सज्ज करणारं मंक१३-४ हे प्रथिन २००३ साली, मिसळणीला लागणारं सिंटॅक्सिन ११ हे २००५ साली आणि त्याचा जोडीदार मंक१८-२ हा २००९ साली सापडला. पिशवी पडद्याला टेकवणारं रॅब२७ए बिघडलं तर त्या मुलाचे केस चंदेरी असतात, कारण त्वचा आणि केसांतला रंगही अशाच पिशव्यांतून ने-आण होतो. केसांवरून पेशीच्या पोटातला दोष ओळखायचा, असं वैद्यकात फार क्वचित घडतं.

आपल्या बाळाच्या एनके पेशी परफोरिनच्या चाचणीत काळ्या राहिल्या. सीडी१०७ए उत्तम. दोष परफोरिनचा.

आता उपचार, आणि इथे आईबापांना समजावणं फार जड जातं. बाळाच्या पेशी आधीच रसातळाला गेलेल्या असताना डॉक्टर त्याला इटोपोसाइड देऊ म्हणतात, आणि ते तर कर्करोगाचं औषध. त्याने पेशी आणखी पडणार नाहीत का? काही पडतातही. पण त्या पडल्या होत्या त्या मुळात भक्षक पेशींमुळे, आणि भक्षक पेशी भडकल्या होत्या त्या चिकटून बसलेल्या टी-पेशींमुळे. भराभर विभागणाऱ्या, चेतलेल्या टी-पेशी इटोपोसाइडला विशेष बळी पडतात. मोटार बंद होत नाही म्हटल्यावर वायर तोडण्यातला हा प्रकार. जोडीला डेक्सामेथासोन दिवसाला शरीराच्या प्रत्येक चौरस मीटर पृष्ठभागामागे दहा मिलिग्रॅम. सहा किलोच्या बाळाला सुमारे तीन मिलिग्रॅम. इतर स्टिरॉइडांपेक्षा ते मेंदूत चांगलं पोचतं, आणि या आजारात मेंदू सुटत नाही. इटोपोसाइड पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनदा, मग एकदा, असे एकूण आठ आठवडे.

१९९४ साली या पद्धतीचा आंतरराष्ट्रीय अभ्यास सुरू झाला, तेव्हा हा आजार जवळजवळ नक्की मारणारा मानला जायचा. त्यात पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ५४ टक्के भरलं. निम्म्यांना थोडे वर. ही मोठी झेप होती, आणि उरलेल्या ४६ टक्क्यांत पहिल्या काही आठवड्यांतच गेलेली बाळं पुष्कळ होती, हेही खरं. म्हणून तर उंदरांवरच्या त्या प्रयोगाचं पुढे औषध झालं. इंटरफेरॉन गॅमाला रक्तातच पकडणारं एमापालुमॅब नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. जन्मजात एचएलएच नेहमीच्या उपचारांना दाद देत नसेल तर ते द्यायचं.

ही औषधं आग विझवतात, दोष दुरुस्त करत नाहीत. पुढचा साधा सर्दी-खोकलासुद्धा पुन्हा पेटवू शकतो. जन्मजात आजारात कायमचा इलाज म्हणजे दुसऱ्याच्या मूळपेशींचं प्रत्यारोपण, म्हणजेच बोनमॅरो ट्रान्सप्लान्ट. इथे एक दिलासा देणारी गोष्ट आहे. रक्तातल्या सगळ्या पेशी दात्याच्या व्हायला लागत नाहीत. वीस-तीस टक्के दात्याच्या राहिल्या तरी आजार सहसा परत येत नाही. आपली पेशी मारू शकली नाही तरी शेजारची दात्याची पेशी ते सावज मारते आणि चिथावणी संपते. त्यामुळे प्रत्यारोपणाआधीची केमो सौम्य ठेवता येते, आणि इतक्या लहान मुलांत तीच अनेकदा जीव वाचवते. भाऊ-बहीण दाता असेल तर आधी त्याचीही परफोरिन चाचणी करायची. एक प्रत बिघडलेली असेल तर चालतं. दोन्ही बिघडलेल्या असतील तर तो दाता नाही, तो पुढचा रुग्ण आहे.

जन्मजात एचएलएच दुर्मीळ आहे. स्वीडनमध्ये मोजला तेव्हा साधारण ५०,००० जन्मांमागे एक असा निघाला. आपल्याकडच्या आयसीयूत एचएलएच हे अक्षर जास्त वेळा लिहिलं जातं ते वेगळ्या रुग्णांत. डेंगी झालेला विशीतला मुलगा, विदर्भात शेतातून आलेली स्क्रब टायफसची बाई, लिम्फोमा अजून न कळलेला साठीचा गृहस्थ. यांचं परफोरिन जन्मतः ठीक असतं. पण चेतवणाऱ्या गोष्टींचा मारा इतका दांडगा आणि लांबलेला असतो की मारण्याचा वेग त्याला पुरा पडत नाही. शिवाय इंटरल्युकिन ६ भरपूर वाढलं की परफोरिन तात्पुरतं घटतं, हेही प्रयोगांत दिसलं आहे. फ्लोट मोडलेला नाही, पण पाण्याच्या लोटात तो वर येईचना, अशी ही अवस्था.

अशा रुग्णात पाच खुणा जुळल्या म्हणून थेट इटोपोसाइडकडे धावणं मला धोक्याचं वाटतं, आणि या विषयात मुरलेले डॉक्टरही तेच सांगतात. ते नियम परदेशी बाळांवरच्या उपचारांच्या अभ्यासासाठी बांधलेले होते. डेंगीत फेरिटिन ५००च्या वर जाणं ही रोजची गोष्ट आहे, प्लेटलेट पडणं तर नेहमीचंच. आकड्यापेक्षा उतार महत्त्वाचा. डेंगीचा ताप उतरून प्लेटलेट चढायला हव्या होत्या त्या दिवशी ताप परत चढतो, पेशी आणखी खाली जातात, फेरिटिन २,००० वरून दोन दिवसांत १५,०००वर जातं, फायब्रिनोजेन घसरतं: तेव्हा एचएलएच म्हणायचं. मग पहिला प्रश्न, कशामुळे. स्क्रब टायफस असेल तर किड्याने चावलेल्या जागी, काखेत नाहीतर कमरपट्ट्याखाली, सिगारेटने भाजल्यासारखा काळा डाग शोधायचा. सापडला तर डॉक्सिसायक्लिन चालू. पुष्कळदा तेवढ्यानेच, किंवा थोड्या स्टिरॉइडसह, चक्र तुटतं. बिहार-झारखंडकडून आलेल्या रुग्णात काळाआजार असू शकतो, आणि त्याच्या बोनमॅरोच्या काचपट्टीवर दोन्ही एकदम दिसतात: रक्तपेशी गिळलेली भक्षक पेशी, आणि शेजारच्या भक्षक पेशीच्या पोटात काळाआजाराचे बारीक ठिपके. पहिलं चित्र ठळक असल्याने तिथेच नजर थांबते. ठिपके पाहिले तर ॲम्फोटेरिसिन बी द्यायचं आणि इटोपोसाइडची गरज सहसा पडत नाही. मोठ्या माणसात आणखी एक पथ्य असतं. लिम्फोमाच्या पेशी स्टिरॉइडने चार-आठ दिवसांत वितळतात आणि मग नमुन्यात सापडत नाहीत. तेव्हा रुग्ण तेवढा तग धरत असेल तर स्टिरॉइडच्या पहिल्या डोसआधीच बोनमॅरोचा नमुना, आणि गाठ असेल तर गाठीचा तुकडा, काढून घ्यायचा.